तळटीप : मिच्छा मि दुक्कडं

* मिच्छा मि दुक्कडं : प्राकृत, संस्कृतात ‘मिथ्या मे दुष्कृतम्’, म्हणजे माझे दुष्कृत्य निष्फळ ठरो. शब्दशः पाहता यात ‘क्षमा कर’ कुठेच नाही. बोलणारा आपलाच दोष मागे घेतो. श्वेतांबर जैन पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, वार्षिक प्रतिक्रमण करून घरच्यांना, शेजाऱ्यांना, भांडण असलेल्यांनाही हे म्हणतात. वर्षाचीच मुदत का? कर्मग्रंथांत रागाच्या पायऱ्या आहेत: पंधरवड्यात विरणारा, चार महिने टिकणारा, वर्षभर धुमसणारा. प्रतिक्रमणेही पाक्षिक, चातुर्मासिक, सांवत्सरिक अशीच. वर्ष ओलांडलेला राग ‘अनंतानुबंधी’ ठरतो आणि सम्यक्‌दर्शनच अडवतो. म्हणून मूळ मजकुरातला थोरला भाऊ दिवस मावळायच्या आत धाकट्याच्या दाराशी येतो. (दिगंबरांत दशलक्षणानंतर क्षमावाणी, तिथे ‘उत्तम क्षमा’ म्हणतात.)