ओएफडीएम आणि आंतरचिन्ह व्यतिकरण

ओएफडीएम (लंबकोनी वारंवारता विभाजन बहुसंकेतन) : एका वेगवान वाहकलहरीऐवजी अनेक संथ उपवाहकांवर माहिती वाटून पाठवण्याची पद्धत. एका चिन्हाचा प्रतिध्वनी पुढच्या चिन्हात मिसळणे, म्हणजेच आंतरचिन्ह व्यतिकरण, ही पद्धत दोन उपायांनी टाळते : चिन्हाचा कालावधी वाढवून आणि प्रत्येक चिन्हाआधी संरक्षक अवधी ठेवून.

बिनतारी संकेत ग्राहकापर्यंत थेट पोहोचतो, तसाच भिंतींवरून परावर्तित होऊन थोडा उशिराही येतो. समजा, परावर्तित मार्ग थेट मार्गापेक्षा ६० मीटर लांब आहे. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते, म्हणून हा प्रतिध्वनी ०.२ मायक्रोसेकंद मागे पडतो. एकाच वाहकावरून सेकंदाला २ कोटी चिन्हे पाठवली, तर एक चिन्ह ०.०५ मायक्रोसेकंदच टिकते. म्हणजे प्रतिध्वनी चार चिन्हे उशिरा येऊन पाचव्या चिन्हावर आदळतो.

वाय-फायच्या १९९९ मधील ८०२.११ए मानकात २० मेगाहर्ट्‌झचा पट्टा ३१२.५ किलोहर्ट्‌झ अंतरावरच्या उपवाहकांत विभागला आहे. त्यांपैकी ५२ वापरले जातात व ४८ माहिती वाहतात. चिन्हाचा उपयुक्त भाग ३.२ मायक्रोसेकंदांचा असतो. त्याच्या शेवटच्या ०.८ मायक्रोसेकंदांची प्रत संरक्षक अवधी म्हणून चिन्हाच्या आरंभी जोडतात. तिला चक्रीय उपसर्ग म्हणतात. मागच्या चिन्हाचा ०.२ मायक्रोसेकंदांचा प्रतिध्वनी या उपसर्गातच विरतो आणि ग्राहक तो भाग टाकून देतो.

उपसर्गाच्या जागी नुसती शांतता ठेवली, तरी मागच्या चिन्हाचा प्रतिध्वनी संपेल. मात्र चालू चिन्हाचाच प्रतिध्वनी मोजणीच्या खिडकीत उशिरा सुरू होईल आणि त्यात उपवाहकांची आवर्तने अपुरी पडतील. उपवाहक एकमेकांपासून वेगळे काढता येतात ते ३.२ मायक्रोसेकंदांत प्रत्येकाची पूर्ण आवर्तने भरतात म्हणूनच. हे लंबकोनित्व ढळले, की ते एकमेकांत मिसळतात. प्रत जोडल्यामुळे उशिरा आलेल्या लहरीचीही पूर्ण आवर्तने खिडकीत मिळतात. मग प्रतिध्वनीचा परिणाम प्रत्येक उपवाहकाची तीव्रता व कला बदलण्यापुरता उरतो आणि एका संमिश्र संख्येने भागून तो दुरुस्त करता येतो. १९७१ मध्ये वाइनस्टाइन व एबर्ट यांनी फूरिये रूपांतराने उपवाहक घडवण्याची पद्धत मांडली. चक्रीय उपसर्ग १९८० मध्ये पेलेड व रुइझ यांनी सुचवला.

या संरक्षणाची किंमत मोजावी लागते. ४ मायक्रोसेकंदांपैकी ०.८, म्हणजे २० टक्के वेळ, नवी माहिती वाहत नाही. मार्गांतील फरक २४० मीटरपेक्षा वाढला, तर प्रतिध्वनी उपसर्गाबाहेर सांडतो. तेव्हा संकेत प्रबळ असूनही चुका होतात आणि प्रेषणशक्ती वाढवून त्या हटत नाहीत, कारण प्रतिध्वनीही तितकाच वाढतो. उपसर्गाच्या मर्यादेतही काही उपवाहक क्षीण होतातच : वरील उदाहरणात प्रतिध्वनी थेट लहरीइतकाच तीव्र असेल, तर दर ५ मेगाहर्ट्‌झला, म्हणजे दर सोळाव्या उपवाहकाजवळ, संकेत जवळपास नाहीसा होतो. तिथे हरवलेली माहिती परत मिळवण्याचे काम त्रुटिदुरुस्ती संकेतनावर सोपवलेले असते.