टिंब, जोड आणि विराम

छपाईपूर्वी मजकूर तपासावयाचा म्हणजे त्यातील चुका शोधावयाच्या, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मराठी मजकूर हाती आला की त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: ही चूक आहे, की हे त्या लेखनाचे वय आहे?

आमच्या लिंबागणेशच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी भालचंद्राच्या देवळावर एक निबंध लिहिला आणि तो तपासण्यासाठी मजकडे दिला. अर्धा निबंध त्यांच्या तरुणपणीचा, अर्धा अलीकडचा. साहजिकच एकाच पानावर ‘देवळांत’ आणि ‘देवळात’, ‘मूर्ति’ आणि ‘मूर्ती’ शेजारी शेजारी नांदत होते.

या दोन रूपांच्या मध्ये एक साल उभे आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. या नियमांनी, ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार लेखनातून काढून टाकले. शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ झाले. तेव्हा ‘मूर्ति’ची ‘मूर्ती’ झाली खरी, पण ‘मूर्तिपूजा’ मात्र ऱ्हस्वच राहिली, कारण तेथे संस्कृत शब्द समासात आधी आला आहे.

एवढे कळले की कोणी उत्साहाने सगळी टिंबे पुसू लागतो, आणि खरा घोटाळा तेथेच होतो. निबंधातील दोन वाक्ये पाहा: ‘उत्सवाच्या दिवशीं घरांत दिवे लागत. आमच्या घरांत पाहुणे उतरत.’ जुन्या लेखनात एक घर असो वा अनेक, ‘घरांत’ असेच लिहीत. आज एकाच घराविषयी ‘घरात’ आणि अनेकांविषयी ‘घरांत’ लिहितात. दुसऱ्या वाक्यात घर एकच, म्हणून तेथले टिंब गेले. पहिल्या वाक्यात मात्र साऱ्या गावाचे दिवे आहेत, असे लेखकांनी विचारल्यावर सांगितले. तेथले टिंब राहिले. ते पुसले असते तर गावची रोषणाई एका उंबऱ्याच्या आत आली असती! ‘आजोबांनीं’ या शब्दावर दोन टिंबे होती. शेवटचे गेले, ‘बां’वरचे राहिले, कारण ते आदराचे आहे.

दुसरी अडचण जोडाक्षरांची नव्हे, जोडशब्दांची. हस्तलिखित पोथ्यांत ओळ सलग चाले, शब्दाशब्दांत जागा नसे; त्यामुळे कोठे तोडावे हा प्रश्न छापखान्याबरोबर आला. निबंधात कोठे ‘डोंगरावर’ होते, कोठे ‘डोंगरा वर’. याची ओळख सोपी आहे. नामाचे रूप बदलले, ‘डोंगर’चे ‘डोंगरा’ झाले, की पुढचे ‘वर’ त्याला चिकटलेच पाहिजे. ‘डोंगर वर दिसतो’ येथे रूप बदललेले नाही, म्हणून ‘वर’ स्वतंत्र. पण ही कसोटी ‘नदी’पाशी थांबते, कारण ‘नदी’चे एकवचनी रूप बदलतच नाही. ‘ती नदीवर गेली’ आणि ‘नदी वर गेली’ यांत बाई गेली की पाणी चढले, हे अर्थानेच ठरवावे लागते. गावाचे नावही दोन ठिकाणी ‘लिंबा गणेश’ असे तुटले होते. ते जोडून सर्वत्र सारखे केले. ‘त्या वेळी’ आणि ‘त्यावेळी’ ही दोन्ही रूपे आढळतात. तेथे लेखकांनी जास्त वेळा वापरलेले रूप घेतले आणि कागदाच्या कडेला टिपून ठेवले, म्हणजे विसाव्या पानावर निर्णय बदलत नाही.

तिसरे प्रकरण विरामचिन्हांचे. आपल्याकडे पूर्वी दंड होता, एक किंवा दोन. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली आणि त्यांना मराठीत बसविण्याचे श्रेय मुख्यतः मेजर कँडी यांच्याकडे जाते. निबंधात एक वाक्य बिनचिन्हाचे होते: ‘पुजारी म्हणाले महाराज आले’. आले कोण, आणि म्हणाले कोण? ‘पुजारी म्हणाले, “महाराज आले.”’ असे केले तर महाराज येतात. ‘“पुजारी,” म्हणाले महाराज, “आले.”’ असे केले तर पुजारी येतात. पुढच्या वाक्यात पुजारी पाय धुण्यास पाणी आणतात. त्यावरून पहिला अर्थ ठरला.

हे तिन्ही एकाच वाचनात साधत नाही. अर्थात गुंतलेला डोळा टिंबे पाहत नाही. म्हणून प्रत्येकासाठी पान वेगळे वाचावे.

एक गोष्ट मात्र तशीच ठेवली. निबंधात लेखकांच्या वडिलांचे १९५१ चे पत्र उतरवून घेतले होते. त्यातील ‘तेथें’, ‘माझें’, ‘कीं’ यांवरची सगळी टिंबे जशीच्या तशी छापावयास दिली. लेखकांचा निबंध आजच्या वाचकासाठी आहे. पत्र त्या दिवसाचे आहे, आणि त्या टिंबांवर त्या दिवसाची तारीख आहे.