जालन्याचा हापसा

आज एका लोखंडी वस्तूची गोष्ट सांगते. आपण तिला हापसा म्हणतो, सरकारी कागदात हातपंप. देशभरातल्या गावांत दिसणाऱ्या या हापशाच्या घराण्यातला एक मूळ पुरुष आपल्या जालन्याचा आहे. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

आपली जमीन काळ्या पाषाणाची. पाणी सापडतं ते खडकाच्या भेगांत. हाताने खणलेली विहीर एका खोलीपर्यंतच जाते आणि ओळीने दोन वर्षं पावसाने दगा दिला की तळ दाखवते. साठच्या दशकात जालन्यात काम करणाऱ्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने गावोगाव बोअर घ्यायला सुरुवात केली. पाणी लागलं. पुढे १९७२ च्या दुष्काळात तर बोअरला पर्यायच उरला नाही.

अडचण पाणी लागल्यानंतर सुरू झाली. बोअरवर बसवलेले बिडाचे पंप परदेशातल्या शेतघरांसाठी घडवलेल्या पंपांच्या धर्तीचे होते. तिकडे एक कुटुंब दिवसातून चार बादल्या काढणार. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत साऱ्या गावाची रांग. दांड्याचे सांधे झिजायचे, खिळी निसटायची, बीड तडकायचं. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा दर चार पंपांमागे जवळजवळ तीन बंद निघाले. बोअर मोजले गेले होते, पण हंडा भरतो का हे फारसं कुणी मोजलं नव्हतं.

जालन्याच्या मिशनने बिड सोडून पोलादाचे तुकडे वेल्डिंगने जोडले आणि दांड्याला अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा ठेवला. झिजणारी जागा कमी, म्हणजे बिघाड कमी. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. सोलापूरचा तो पंप समोर ठेवून युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी ‘इंडिया मार्क टू’ तयार केला, आणि १९७७-७८ च्या सुमारास तो कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला.

पण चांगलं यंत्रही राखणीशिवाय टिकत नाही. तमिळनाडूत तीन पायऱ्यांची व्यवस्था बसवली: गावात एक राखणदार, तालुक्याच्या पातळीवर मिस्त्री, जिल्ह्याला फिरतं पथक. राखणदाराने बोल्ट आवळायचे, साखळीला ग्रीस लावायचं आणि पंप बिघडला की पत्ता छापलेलं पोस्टकार्ड टाकायचं. मला ही पोस्टकार्डाची युक्ती फार आवडते. राखणदार मात्र बहुतेक पुरुषच नेमले गेले. रोज दांडा मारणारीला पंप बिघडायला लागल्याचं कितीतरी आधी कळतं, हे उशिरा ध्यानात आलं. पुढे राजस्थानात बायकांना थेट मिस्त्रीकाम शिकवलं गेलं.

बाईला काय कळतं ते सांगते. सकाळी पहिलं पाणी यायला वीस-पंचवीस वेळा दांडा मारावा लागला आणि मग धार नीट चालली, तर तळाची झडप गळते. रात्रभरात नळीतलं पाणी खाली उतरलेलं असतं. धार दिवसभर बारीकच असेल, तर बहुधा आतले वॉशर झिजलेत किंवा नळीला गळती आहे. आणि सुरुवातीला भरपूर पाणी येऊन मग फुसफूस हवा आली, थोडं थांबल्यावर पुन्हा पाणी आलं, तर पंपाचा दोष नाही, बोअरमधलंच पाणी खाली गेलंय. पहिल्या दोन दुखण्यांना मिस्त्री हवा. तिसऱ्याला मिस्त्री बोलावून पैसे वाया जातात. तिथे उपसा आणि आसपासच्या शेतातले बोअर यांचा विचार गावाने बसून करावा लागतो.

म्हणून एखादी संस्था गावात पाण्याची योजना घेऊन आली की वहीत तीन गोष्टी रोज कोण लिहिणार, ते विचारा. पहिलं पाणी कितव्या दांड्याला आलं, चाळीस दांड्यांत बादली किती भरली, आणि बंद पडल्यापासून दुरुस्तीपर्यंत किती दिवस गेले. ओट्याला तडा गेलाय का, सांडपाणी तिथेच मुरतंय का, हेही आठवड्याला एकदा पाहायचं. तड्यातून घाण पाणी परत बोअरमध्ये उतरतं.

मार्क टूची एक उणीव राहिली. वॉशर बदलायचा तर सगळ्या नळ्या वर ओढाव्या लागतात; त्याला तिकाटणं आणि चार-सहा माणसं लागतात. मार्क थ्रीमध्ये नळी रुंद केली, त्यामुळे आतला दट्ट्या सळयांसकट वरच्या वर काढता येतो. काम दोघी-तिघींच्या हातात आलं. मात्र रुंद नळी महाग आणि जड असते, म्हणून बऱ्याच गावांत अजून मार्क टूच उभा आहे, आणि तिकाटणं मागवायला तालुक्याला फोन करावा लागतो.