भारवाही भिंत : पाडण्यापूर्वीची तपासणी

वरचा स्लॅब, मजला किंवा छप्पर पेलून तो भार पायापर्यंत पोचवणारी भिंत म्हणजे भारवाही भिंत. बांधकामावरच्या बोलीत तिला ‘लोडबेअरिंग’ म्हणतात. फक्त दोन खोल्या वेगळ्या करणारी, स्वतःच्या वजनापलीकडे काही न पेलणारी भिंत ती पडदी. नूतनीकरणात हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचे ठरले की मधली भिंत या दोहोंपैकी कोणती, हा प्रश्न येतो. गवंडी तो बहुधा जाडीवरून सोडवतात : नऊ इंची असेल तर भाराची, साडेचार इंची असेल तर पडदी. महाराष्ट्रातल्या जुन्या विटांच्या घरांत हा ठोकताळा पुष्कळदा जुळतो. पण निर्णय त्यावर सोडता येत नाही. भिंत किती जाड आहे यापेक्षा तिच्या डोक्यावर काय टेकले आहे, हे पाहावे लागते.

तपासणीची सुरुवात इमारतीच्या प्रकारापासून होते. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर जातो आणि भिंती नंतर भरलेल्या असतात. अशा घरात भिंतीच्या वर, छताखाली उतरलेला बीम दिसतो आणि तो दोन्ही टोकांना कॉलमवर टेकतो. लोडबेअरिंग घरात कॉलम नसतात. स्लॅब थेट भिंतींवर ओतलेला असतो. यांच्यामधला मिश्र प्रकार सर्वांत फसवा. पुढच्या बाजूला दुकाने किंवा पार्किंगसाठी कॉलम आणि मागच्या खोल्या भिंतींवर, अशी बांधणी जुन्या इमारतींत आढळते. तिथे एका खोलीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. मंजूर नकाशे महापालिकेकडे किंवा सोसायटीच्या दप्तरात मिळू शकतात, पण त्यांत बहुधा खोल्यांची मांडणी असते, सळयांची नव्हे. हवा असतो तो संरचनेचा नकाशा, आणि तो मिळाला तरी बांधकाम त्याप्रमाणेच झाले आहे का, हे जागेवर ताडून घ्यावे लागते.

त्यानंतर भिंतीच्या वर आणि खाली काय आहे ते पाहतात. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच रेषेत भिंत असेल आणि खाली जोत्यापर्यंत तीच रेषा उतरत असेल, तर ती भारवाही असण्याची शक्यता मोठी. वर काहीच नाही म्हणून भिंत मोकळी, असे मात्र ठरत नाही, कारण स्लॅब तिच्यावर टेकलेला असू शकतो. इथे स्लॅबची दिशा कळावी लागते. खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल तर स्लॅब आखूड अंतर ओलांडतो आणि त्याचा भार मुख्यतः लांब बाजूंच्या भिंतींवर येतो. खोली चौरसाकडे झुकणारी असेल तर चारही भिंती वाटा उचलतात. मुख्य सळया कुठल्या दिशेने गेल्या आहेत ते सळया शोधणाऱ्या यंत्राने छताखालून कळते. वाड्याच्या कडीपाटात हेच उघड्या डोळ्यांनी दिसते : ज्या भिंतीत कड्यांची टोके रुतलेली आहेत ती भाराची, कड्यांना समांतर जाणारी बहुधा नाही. फॉल्स सीलिंग असेल तर आधी त्याचा तुकडा उतरवावा. वरचे न पाहता दिलेला सल्ला घेऊ नये.

शेवटी भिंतीच्या माथ्याचा हातभर गिलावा काढतात. सर्वांत वरच्या थरावर स्लॅबचे काँक्रीट सलग बसलेले दिसले तर स्लॅब भिंतीवर ओतला आहे. बीमच्या बुडाशी विटांचे तुकडे आणि मसाला कोंबलेला सांधा दिसला तर भिंत नंतर भरली आहे. भिंतीवर ठोकून येणाऱ्या आवाजावरून यातले काहीही कळत नाही. पोकळ आवाज अनेकदा सुटलेल्या गिलाव्याचा असतो.

उदाहरणादाखल १९७५च्या सुमाराचा, तळमजला आणि वर एक मजला असलेला विटांचा बंगला घेऊ. हॉल ३.६ मीटर, स्वयंपाकघर ३ मीटर, मधली भिंत नऊ इंची आणि वरही तिच्याच रेषेत नऊ इंची भिंत. दोन्ही बाजूंचे स्लॅब या भिंतीवर टेकलेले. प्रत्येक बाजूचे निम्मे अंतर धरले तर तिच्या वाट्याला ३.३ मीटर रुंदीचा पट्टा येतो. पाच इंची स्लॅब, फरशी आणि माणसे-सामान मिळून चौरस मीटरला साधारण ६०० किलो, म्हणजे भिंतीच्या एका मीटर लांबीवर सुमारे २ टन. वरच्या भिंतीचे १.३ टन, गच्चीचा स्लॅब आणि त्यावरचा ब्रिकबॅट कोबा यांचे आणखी २ टन. एकूण साधारण ५.३ टन. तीन मीटरची भिंत काढली तर सुमारे १६ टन अधांतरी येतात. स्लॅब मधल्या आधारावरून सलग गेलेला असेल तर हा आकडा याहूनही वाढतो. लोखंडी गर्डर टाकला की काम झाले, असे मालक समजतात. पण तो भार आता दोन टोकांवर प्रत्येकी आठ टन असा एकवटतो. त्या टोकांखालची वीट, आणि तिच्याखालचा सलग भिंतीसाठी घातलेला पाया, एवढा एकवटलेला भार घेईल का, याचे गणित गर्डरच्या गणिताइतकेच लागते.

जाडीचा नियम उलट्या बाजूनेही फसतो. ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने, बोलीत ‘मायव्हान’ने, उभारलेल्या नव्या टॉवरांत बहुतेक भिंती काँक्रीटच्याच असतात. सहा-साडेसहा इंचांची दिसायला पातळ भिंतही तिथे कॉलमचे काम करते, शिवाय वारा आणि भूकंपाचा जोर घेते. अशा भिंतीत ड्रिल अडते आणि काँक्रीटची राखाडी भुकटी पडते, विटेची लाल नव्हे. मात्र वीट फ्लाय ॲशची किंवा भिंत ब्लॉकची असेल तर भुकटीच्या रंगावर विसंबता येत नाही.

काही भिंतींवर स्लॅब नसतो तरी त्या काढता येत नाहीत. लांब, उंच बाहेरच्या भिंतीला काटकोनात जोडलेली आडभिंत तिला बाजूने धरून ठेवते. ती गेली की बाहेरची भिंत बाजूच्या जोराला कमजोर पडते. आणि आरसीसी इमारतीतली खरी पडदीही वर्षानुवर्षे खचलेल्या बीमचा थोडा भार नकळत उचलू लागते; तिच्या माथ्याचा सांधा चिरडलेला दिसला तर आधी टेकू देऊन मगच वरून खाली वीट काढतात.

आधारांशी छेडछाड किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण : २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची ‘सिद्धी साई’ ही चार मजली इमारत कोसळून १७ माणसे मेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामात इमारतीच्या आधारांना धक्का लागला, असा आरोप होता.

संरचनेला हात लावणाऱ्या कामासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी आणि सोसायटीची संमती लागते. दोन्हींसाठी संरचना अभियंत्याचा जागेवर येऊन केलेला लेखी अहवाल घ्यावा. त्यात स्लॅबची दिशा, नव्या बीमचे माप, त्याच्या टोकांचा आधार आणि टेकूंची जागा या चार गोष्टी नसतील, तर त्या अहवालावर भिंत पाडू नये.