निर्गमन रुंदी
सभागृह ठरावीक वेळात रिकामे होण्यासाठी लागणारी दारांची व जिन्यांची एकूण रुंदी. गर्दीत दाराच्या प्रत्येक मीटर उपयोगी रुंदीतून सेकंदाला सुमारे 1.3, तर जिन्यावरून सुमारे 1 माणूस जातो. म्हणून हिशेब जिन्यावरून मांडावा. वरच्या मजल्यावरचे 600 प्रेक्षक 150 सेकंदांत जिन्यात शिरायचे, तर सेकंदाला 4 माणसे, म्हणजे 4 मीटर उपयोगी रुंदी हवी. लोक भिंतीला खेटून चालत नाहीत. दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटर सोडल्यास दोन जिने प्रत्येकी 2.3 मीटरचे होतात. घाई केली की प्रवाह वाढेल, हा आक्षेप टिकत नाही. दाटी फार वाढली की पावले अडखळतात आणि प्रवाह घटतो. आगीने एक जिना अडला, तर हाच वेळ 300 सेकंद होतो. म्हणून दूरच्या टोकाला तेवढाच तिसरा जिना लागतो.