अटक : कोठडीतील व्यक्तीचे हक्क व पोलिसांची कर्तव्ये

कोणालाही अटक झाली, तर घड्याळ त्या क्षणापासून सुरू होते. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. त्यातून केवळ प्रवासाचा आवश्यक वेळ वगळला जातो. संविधानाचा अनुच्छेद २२ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५८ हेच सांगतात. सुट्टी हे कारण चालत नाही.

पण हक्क माहीतच नसेल तर? महाराष्ट्रात हा प्रश्न पत्रकार शीला बारसे यांनी ऐरणीवर आणला. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्रियांशी त्या बोलल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. बारसे यांचे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले आणि १९८३ मध्ये निकाल दिला.

त्यातले आदेश अगदी व्यवहारी होते. स्त्रियांची कोठडी वेगळी, पहाऱ्यावर महिला पोलीस. अटकेची बातमी नातलगाला व विधी सहाय्य समितीला ताबडतोब कळवायची. अटकेतील व्यक्तीचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचे.

सर्वांत मोलाचा आदेश दंडाधिकाऱ्यांसाठी होता : ‘पोलिसांनी छळ केला का?’ हे आरोपीला विचारायचे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क सांगायचा. मार खाल्लेला माणूस पोलिसांसमोर आपणहून क्वचितच बोलतो. वळही काही दिवसांत पुसट होतात, म्हणून तपासणी लवकर व्हावी लागते. अहवालात प्रत्येक जखम आणि ती कधीची असावी, याची नोंद हवी.