पोळा चार दिवसांवर, साल १९७२

डोळे मिटा आणि बीडला या. सप्टेंबर १९७२, पहिला आठवडा. बिंदुसरेच्या पात्रात वाळू तापली आहे, पावसाने सलग दगा दिला आहे आणि रानातली बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली आहे. पोळा चार दिवसांवर आहे, त्यानंतर चौथ्या दिवशी गणपती. तुम्ही एका कुंभाराच्या अंगणात उभे आहात.

आधी खाली बघा. निंबाच्या सावलीत गोणपाटावर मातीच्या बैलांच्या रांगा आहेत, पलीकडे वीतभर उंचीचे गणपती. गणपती इथे थोडेच, कारण या अंगणाचा खरा हंगाम पोळ्याचा. सगळ्या बैलांच्या शिंगांवर ओल्या चिंध्या गुंडाळल्या आहेत. हे काय, असं घरातल्या म्हातारीला विचारा.

"शिंगं आधी वाळत्यात, बाबा. धड राहतं ओलं. मग मुळातून तुटून पडत्यात."

म्हातारीचं खरं आहे. माती वाळताना आक्रसते. बारीक शिंग तासाभरात आक्रसून बसतं, जाडजूड पोटातली ओल मात्र दोन दोन दिवस हटत नाही. दोघांची ओढाताण होते ती शिंगाच्या बुडाशी, आणि भेग पडते तीही तिथेच. म्हणून शिंगं, कान, शेपूट मुद्दाम ओलं ठेवायचं, म्हणजे सगळा बैल एका चालीने वाळतो. एरवी श्रावणात हवा दमट असते, मूर्ती वाळता वाळत नाहीत आणि लोक त्या चुलीजवळ नेऊन ठेवतात. यंदा सगळं उलटं झालं आहे. वारा कोरडा, ऊन कडक, जणू दुष्काळानेच माती वाळवायचा घाट घातला आहे. म्हणून रांगा सावलीत आहेत आणि उन्हाच्या बाजूला फाटकं धोतर आडवं बांधलं आहे.

आता मातीत हात घाला. ही शेतातली काळी माती नव्हे. ती वाळली की रानासारखीच भेगाळते. ही आटलेल्या तळ्यातला गाळ आहे. वाळवून, बडवून, चाळून भिजवलेला, आणि घोड्याची लीद घालून पायांनी तुडवलेला. लिदीतले बारीक तंतू मातीला धरून ठेवतात. यंदा गाळ हवा तेवढा मिळतो, कारण तळंच उघडं पडलं आहे. पाणी तेवढं मिळत नाही. हात धुतलेलं गढूळ पाणी म्हातारी पुन्हा मातीच्या आळ्यात ओतते.

एक बैल उचला आणि त्याचं पोट गालाला लावा. गार लागलं की आत ओल आहे. गार लागलं नाही तर नखाने हळू टिचकी मारा. ओल्या मातीचा आवाज बसका येतो. ही परीक्षा चुकवून रंग दिला की आतली ओल बाहेर यायला लागते आणि रंगाचे पोपडे सुटतात.

अंधार पडला की सून कंदील लावते. तो डोक्यावर टांगत नाही, जमिनीवर बैलांच्या बाजूला ठेवते. तिरप्या पिवळ्या उजेडात केसाएवढी भेगही काळ्या रेघेसारखी उठून दिसते. दिवसा तीच नजरेतून सुटते. भेगाळलेले बैल सून बाजूला काढते. ते वाया जात नाहीत, कच्ची माती पुन्हा भिजते.

उरलेल्यांना चुन्याचा हात, मग बाभळीच्या डिंकात कालवलेला गेरू, आणि डोळ्याला काजळी. घरातली लहान पोर हळदीने झूल रंगवायला बसते, आणि ओल्या चुन्यावर हळद लागताच लालभडक होते. पोर दचकते. आजी सांगते, "पिवळी झूल पायजे तर पिवडी घे, हळद चुन्यावर ठरत न्हाई." पण पोरीला लालच आवडते आणि तो बैल तसाच राहतो.

इतक्यात खडी फोडायच्या कामावरून परतलेला एक शेतकरी दारात थांबतो. कुंभार जोडी पुढे करतो.

"एकच द्या, तात्या. एक दावणीला हाय. दुसरा बाजार दाखवला."

कुंभार एक बैल मागे घेतो. पैशाचं तो विचारत नाही, शेतकरीच बोलतो, "हप्ता मिळाला की देतो." बलुत्याचं धान्य यंदा येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. सून बैल बांधायला घेते. दरवर्षी शिंगांभोवती कडब्याचा चुरा घालून गाठोडं करायची रीत. यंदा कडब्याची काडीही दावणीला लागते. ती जुन्या लुगड्याचा धडपा फाडते, शिंगांना दोन वेढे देते आणि बजावते, "पोटाकडून धरा, शिंगाला धरू नका. अजून एक दिवस सावलीतच ठेवा."

पुढच्या गिऱ्हाईकालाही एकच हवा आहे.